‘बरोबर नाही’ शोधताना हात नेमका कुठे चुकतो

प्रश्न: सराव चाचणीत ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही’ अशा प्रश्नांत माझे हमखास गुण जातात. विषय येत असतो, ‘नाही’खाली रेघही मारते, तरी शेवटच्या अर्ध्या तासात बरोबर विधानालाच खूण करून मोकळी होते. घरी येऊन पाहिले की स्वतःचाच राग येतो. आणखी लक्ष देऊन वाचले तर सुधारेल का?

उत्तर:

लक्ष देऊन वाचण्याने फारसे हाती लागणार नाही, असे मला वाटते. तुम्ही ‘नाही’खाली रेघ मारता, म्हणजे तो शब्द तुम्हाला दिसलेला असतो. तो हरवतो नंतर, विधाने तपासता तपासता. म्हणून उपायही प्रश्न वाचण्याच्या जागी न करता विधाने तपासण्याच्या जागी करायला हवा.

मी बरीच वर्षे वस्तुनिष्ठ प्रश्न काढतो, इतरांनी काढलेले तपासतो आणि चुकलेल्या उत्तरपत्रिका घेऊन परीक्षार्थींसोबत बसतो. असा प्रश्न चुकला की मी फक्त एवढेच म्हणतो, ‘हे उत्तर कसे निवडलेस ते मोठ्याने सांग.’ बहुतेकांची कहाणी सारखीच असते. पहिले विधान वाचले, मनात ‘हं, बरोबर’ आले. दुसरे वाचले, पुन्हा ‘बरोबर’, आणि तेही अगदी खात्रीने. तोवर डोक्यात ‘बरोबर’ हा एकच शब्द घुमत असतो. हात त्याच शब्दामागे जातो आणि ज्याची सर्वांत जास्त खात्री आहे त्या विधानासमोर खूण करतो. प्रश्न आठवतोय का, असे विचारले की लगेच उत्तर येते, ‘हो, चुकीचे शोधायचे होते.’ म्हणजे माहिती डोक्यात होती, पण खूण करण्याच्या क्षणी ती वापरली गेली नाही.

या चुकीची एक ओळखखूण आहे. आपण निवडलेले चुकीचे उत्तर पाहा. ते तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल असे विधान असेल, आणि बहुधा पहिल्या दोन पर्यायांतले असेल, तर हा नकाराचा घोळ. विषय कच्चा असला की चूक वेगळी दिसते: तुम्ही दोन विधानांत अडकलेल्या असता, बराच वेळ घालवता आणि शेवटी एकावर पैज लावता. हे दोन आजार वेगळे आहेत. दुसऱ्यावर मी खाली सांगतो त्या युक्तीचा काही उपयोग नाही, तिथे पुस्तकच उघडावे लागते.

तेव्हा आधी आपले काय होते ते तपासा. मागच्या चाचण्यांतले चुकलेले असे पंधरा-वीस प्रश्न घ्या, तीन-चार दिवस जाऊ द्या, मग प्रश्नाची वरची ओळ कागदाने झाका आणि खालच्या प्रत्येक विधानापुढे फक्त ‘खरे’ किंवा ‘खोटे’ लिहा. सगळी विधाने नीट ओळखता आली तर विषय पक्का आहे आणि गुण नकारामुळे जात आहेत. खरे-खोटेच चुकू लागले तर थकव्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या अनुभवात बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींची सरमिसळ निघते, पण कोणाचा वाटा किती हे कळले की पुढची तयारी बदलते.

आता हे का होते, ते थोडे सांगतो, कारण त्यातूनच उपाय निघतो. नकारार्थी वाक्य समजायला होकारार्थी वाक्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९५९ आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले. पुढे १९७२ मध्ये क्लार्क आणि चेस यांनी आणखी साधा प्रयोग मांडला. एका चित्रात तारा आणि अधिकचे चिन्ह एकाखाली एक. शेजारी वाक्य, ‘तारा अधिकच्या वर आहे’ किंवा ‘तारा अधिकच्या वर नाही’. वाक्य चित्राशी जुळते की नाही, एवढेच सांगायचे. नकारार्थी वाक्यांना वेळ जास्त लागला, ते अपेक्षितच होते. गंमत पुढे आहे. होकारार्थी वाक्यांत खरे वाक्य लवकर ओळखले जाते आणि खोट्याला वेळ लागतो. नकारार्थी वाक्यांत हे उलटते, तिथे खऱ्या वाक्याला खोट्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ‘तारा वर नाही’ हे वाक्य खरे असते तेव्हाच माणूस सर्वांत जास्त अडतो.

त्यांनी याचा अर्थ असा लावला की आपण ‘तारा वर नाही’ हे एका घासात गिळत नाही. आधी ‘तारा वर आहे’ एवढे मनात मांडतो, ते चित्राशी जुळवतो, आणि मग ‘नाही’मुळे निकाल उलटा करतो. दर ‘नाही’मागे अशी एक उलटापालट वाढते. मन ताजे असते तेव्हा ती आपोआप होते. दमलेल्या माणसाचे पाठांतर शाबूत असते, जुळवणीही बरोबर होते, पण शेवटची उलटापालट राहून जाते. हा शेवटचा निष्कर्ष माझा, वर्षानुवर्षे चुकलेली उत्तरे पाहून काढलेला.

मराठीत आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे प्रश्न काढणारेही सहसा लक्ष देत नाहीत. आपल्या वाक्यात ‘नाही’ अगदी शेवटी येतो. ‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर’ इथपर्यंत वाचले की पुढे काय असणार याचा अंदाज मन आधीच बांधून टाकते आणि डोळे पर्यायांकडे वळतात. छपाईत ‘नाही’ एकटाच दुसऱ्या ओळीवर गेला तर विचारूच नका. त्याहून फसवे म्हणजे ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’, ‘सत्य’ आणि ‘असत्य’. फरक एका अक्षराचा, तोही शब्दाच्या सुरुवातीला. आणि ‘वगळता’, ‘खेरीज’, ‘व्यतिरिक्त’ या शब्दांत तर नकार दिसतच नाही, पण काम तेच करतात.

एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवतो. माझाच आहे, मुद्दाम वाईट काढलेला.

खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?
१) चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही.
२) अमावस्येला चंद्रग्रहण होत नाही.
३) प्रत्येक पौर्णिमेला चंद्रग्रहण होत नाही.
४) चंद्राची एकच बाजू पृथ्वीवरून दिसते, कारण तो स्वतःभोवती फिरत नाही.

शाळेतले विज्ञान आठवत असेल तर यात अवघड काही नाही. तरीही दमलेला माणूस इथे पडतो, कारण प्रश्नात एक ‘नाही’ आणि चारही विधानांत एकेक. पहिले विधान घ्या. आधी ‘नाही’ काढून टाका: चंद्राला स्वतःचा प्रकाश आहे. हे खोटे, कारण चंद्र सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो. मग ‘नाही’ परत लावा, विधान खरे झाले. पण प्रश्न तर ‘बरोबर नाही’ विचारतोय, म्हणजे हे उत्तर नाही. एका विधानासाठी मनात दोनदा उलटापालट झाली. ज्यांचे चुकते ते बहुधा इथेच खूण करतात, आणि तीही अगदी आत्मविश्वासाने.

दुसरे विधान त्याच रीतीने. चंद्रग्रहणाला पृथ्वी मध्ये आणि सूर्य-चंद्र दोन बाजूंना लागतात, म्हणजे पौर्णिमाच लागते. अमावस्येला ते होते हे खोटे, म्हणून होत नाही हे खरे.

तिसऱ्यावर जरा थांबू, कारण हा सापळा केवळ दमलेल्यांसाठी नाही. ‘प्रत्येक पौर्णिमेला चंद्रग्रहण होत नाही’ याचे दोन अर्थ निघतात. एक, ग्रहण काही पौर्णिमांना होते आणि काहींना नाही. दुसरा, कोणतीही पौर्णिमा घ्या, त्या दिवशी ग्रहण नसते. पहिला अर्थ खरा: चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. दुसरा अर्थ अर्थातच खोटा. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कोणता अर्थ हवा ते कळते, पण छापलेल्या कागदाला आवाज नसतो. ‘सर्व धातू घन नसतात’ या वाक्याचेही असेच होते. पाऱ्याकडे पाहून ते खरे म्हणायचे, की लोखंडाकडे पाहून खोटे? जबाबदार प्रश्नकर्ता इथे ‘च’ घालतो, ‘प्रत्येकच पौर्णिमेला’, ‘सर्वच धातू’. तसे केले की ‘काही तरी सुटतात’ हा एकच अर्थ उरतो. ‘च’ नसेल तर मी परीक्षार्थींना सांगतो की ‘सर्वच नाही’ हाच अर्थ आधी धरा, कारण प्रश्न काढणाऱ्याच्या मनात बहुधा तोच असतो. बहुधा, नेहमीच नव्हे. म्हणून अशा विधानापुढे निकाल लिहून शेजारी एक छोटे प्रश्नचिन्ह ठेवा.

चौथ्या विधानाला दोन भाग आहेत. एकच बाजू दिसते, हे साधारणपणे खरे. (काटेकोर बोलायचे तर चंद्राच्या किंचित डोलण्यामुळे कालांतराने सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसतो, पण शालेय प्रश्नात कोणी तिथवर जात नाही.) त्यापुढचे कारण मात्र खोटे. चंद्र स्वतःभोवती फिरतो, आणि एका फेरीला त्याला साधारण २७.३ दिवस लागतात. पृथ्वीभोवती एक फेरी मारायलाही तेवढेच लागतात, म्हणून तर एकच बाजू समोर राहते. ‘कारण’ या शब्दाने जोडलेले विधान अर्धे खरे असले तरी संपूर्ण विधान खोटेच ठरते. उत्तर ४.

आता कागदावर हे कसे करायचे. माझ्या पद्धतीत दोन कामे वेगळी ठेवायची आणि एकाच वेळी कधी करायची नाहीत. पहिले काम विधाने तपासण्याचे. ते करताना प्रश्न काय विचारतो हे विसरून जा, खरोखरच विसरा. प्रत्येक विधानापुढे ‘ख’ किंवा ‘खो’ लिहा. पहिल्याच विधानावर उत्तर सापडल्यासारखे वाटले तरी चारही अक्षरे लिहिल्याशिवाय थांबायचे नाही. दुसरे काम त्यानंतर: नजर प्रश्नाच्या ओळीकडे परत न्या, शेवटचा शब्द वाचा आणि मनात काय शोधायचे ते होकारार्थी म्हणा. ‘बरोबर नसलेले शोधायचे’ असे म्हणू नका, ‘खोटे शोधायचे’ म्हणा. मग ‘खो’ कुठे लिहिले आहे ते पाहायचे, एवढेच उरते. नकार डोक्यात धरून ठेवण्याची गरजच संपते. तुमची रेघ कामी येत नव्हती ती याचमुळे. ती तुम्हाला ‘नाही’ची आठवण करून देत होती, पण तो चार विधाने पार करून नेण्याचे ओझे डोक्यावर तसेच राहत होते.

या अक्षरांचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. चार सुट्या विधानांतून एक खोटे निवडायचे असेल तर तुमच्याकडे तीन ‘ख’ आणि एक ‘खो’ यायला हवेत. एक ‘ख’ आणि तीन ‘खो’ आले, तर तुम्ही प्रश्नच उलटा वाचला आहे किंवा तो ‘चुकीचे नसलेले विधान’ अशा दुहेरी नकाराचा आहे, म्हणजे बरोबरच विधान विचारले आहे. वरची ओळ पुन्हा वाचा. दोन-दोन आले, तर एखाद्या विधानाचा अर्थ तुम्ही वेगळा घेतला आहे, आणि तिथे ते प्रश्नचिन्ह उपयोगी पडते. वरच्या उदाहरणात तिसरे विधान ‘कोणत्याही पौर्णिमेला नाही’ असे वाचले असते तर ३ आणि ४ दोन्ही ‘खो’ झाले असते, आणि नेमक्या त्या क्षणी कळले असते की कुठे थांबायचे. उत्तर न पाहता चूक सापडण्याची ही सोय सरळ ‘कोणते बरोबर’ या प्रश्नातही मिळते, पण तिथे पहिले बरोबर सापडले की माणूस पुढे वाचतच नाही.

ही तपासणी कुठे चालत नाही तेही सांगायला हवे. अ, ब, क, ड अशी विधाने देऊन खाली ‘फक्त अ आणि क’, ‘फक्त ब आणि ड’ असे पर्याय असतात, तिथे तीनास एक हा हिशेब लागू नाही, कितीही विधाने खोटी असू शकतात. आणि तिथला सापळा जास्त पक्का असतो. समजा अ आणि क खरी, ब आणि ड खोटी. विचारले आहे ‘कोणती विधाने बरोबर नाहीत’. प्रश्न काढणारा ‘फक्त अ आणि क’ हा पर्याय जवळजवळ नेहमीच ठेवतो. तुमची जोडी त्या यादीत सापडते, समाधान वाटते, आणि काही तरी बिघडले आहे असे सांगणारे काहीच उरत नाही. अशा प्रश्नांत पर्याय वाचण्याआधी उत्तराची अक्षरे बाजूला लिहा, ‘खो = ब, ड’ अशी. मग पर्यायांत फक्त ती शोधा. आणि प्रश्न नकारार्थी असून ‘वरीलपैकी एकही नाही’ हा पर्याय असेल तर त्याचा अर्थ ‘एकही चुकीचे नाही’, म्हणजे सगळी विधाने बरोबर. अनेक जण तो ‘एकही बरोबर नाही’ असा वाचतात.

थोडे प्रश्न काढणाऱ्यांच्या बाजूचे. असे प्रश्न इतके का येतात? कारण ते काढायला सोपे असतात. ‘कोणते बरोबर’ विचारायचे तर तीन पटतील अशी खोटी विधाने रचावी लागतात, आणि तेच या कामातले खरे कष्ट. ‘कोणते बरोबर नाही’ म्हटले की पुस्तकातली तीन वाक्ये जशीच्या तशी उचलायची आणि चौथ्यात एक शब्द बदलायचा. म्हणून खोट्या विधानात बदललेली जागा बहुधा एकच असते: एखादा आकडा, ‘फक्त’ किंवा ‘सर्व’सारखा शब्द, किंवा वर दाखवलेले ‘कारण’. विधान तपासताना या जागांवर बोट ठेवून वाचा. प्रश्नरचनेच्या नियमांचा आढावा घेणाऱ्या हॅलाडिना, डाउनिंग आणि रॉड्रिग्ज यांच्या २००२ च्या लेखात प्रश्न शक्यतो होकारार्थी मांडा आणि नकार वापरायचाच असेल तर तो ठळक छापा, असा सल्ला आहे. सगळेच तो पाळतात असे नाही. मीही एकदा रात्री उशिरा उत्तरसूची लिहिताना अशाच नकारार्थी प्रश्नाला सर्वांत बरोबर विधानाचा क्रमांक टाकला होता. प्रश्न माझा, विषय माझा, आणि चूक पकडली ती दुसऱ्या दिवशी सूची तपासणाऱ्या सहकाऱ्याने. त्यानंतर मीही सूची लिहिताना आधी ‘ख’, ‘खो’ लिहितो.

काही गोष्टी तुमच्या परीक्षेवर अवलंबून आहेत. छापील प्रश्नपत्रिकेवर लिहिण्याची मुभा असेल तर सगळे सोपे आहे. परीक्षा पडद्यावर असेल आणि कच्च्या कामाला कागद मिळत असेल, तर प्रश्न क्रमांक लिहून पुढे चार अक्षरे लिहा, ‘४२: ख ख ख खो’ अशी. कागदच नसेल तर डाव्या हाताची चार बोटे वापरा: खऱ्या विधानाला बोट मिटा, खोट्याला उघडे ठेवा. ऐकायला पोरकट वाटते, पण डोक्यावरचा भार बोटांवर जातो, आणि शेवटी किती बोटे उघडी आहेत ते दिसते. वेळेचे म्हणाल तर सुरुवातीला दर प्रश्नामागे दहा-पंधरा सेकंद जास्त जातील. म्हणून ही पद्धत फक्त नकारार्थी प्रश्नांना लावा. मात्र त्यांना पहिल्या प्रश्नापासून लावा, फक्त शेवटच्या अर्ध्या तासात नको. दमल्यावर नवी सवय आठवत नाही, आणि हाताला वळण नसेल तर नेमकी गरज असते तेव्हाच ती सुटते.

पुढच्या चार-पाच चाचण्यांनंतर चुकलेले नकारार्थी प्रश्न पुन्हा बाजूला काढा आणि त्यांच्यापुढची अक्षरे पाहा. अक्षरे बरोबर पण खूण चुकीची, असे प्रश्न दिसले तर तुम्ही वरच्या ओळीकडे परत जाण्याचे दुसरे काम गाळता आहात. अक्षरेच चुकली असतील तर ती विधाने वहीत उतरवून घ्या, कारण तो भाग अभ्यासाचा आहे. आणि अक्षरे लिहिलेलीच नसतील, तर कोणत्या क्रमांकाच्या प्रश्नापासून ती लिहिणे थांबले तेवढे बघून मला कळवा. त्यावरून पुढे काय करायचे ते सांगता येईल.